गाडी अडकली, इंटरव्ह्यूला उशीर होणार, रिक्रूटरला काय लिहू?

प्रश्न: बडोद्याहून अमदावादला इंटरव्ह्यूला जायचंय. समजा ट्रेन मधेच लटकली तर रिक्रूटरला मेसेज काय टाकायचा? माफी किती मागायची, कारण किती सांगायचं? आधी फोन करू का थेट व्हॉट्सॲप?

उत्तर:

मी बडोद्याची, दांडिया बाजारात माहेर नि मांजलपुरात सासर, आणि गेली काही वर्षं अमदावादला एका कंपनीत एचआरमधे आहे, पास काढून रोजचं अपडाऊन. म्हणजे हे दोन्ही बाजूनी बघितलंय, गाडीत अडकलेलीही मीच असते आणि उशिरा येणाऱ्यांचे मेसेज वाचणारीही मीच.

तुमचा प्रश्न माफीवर अडकलाय, पण माफीला एक शब्द पुरतो. रिक्रूटरला त्या क्षणी तुमच्या मेसेजमधून एकच गोष्ट हवी असते, किती वाजता हा माणूस रिसेप्शनला उभा असेल. कारण इंटरव्ह्यू मी घेत नाही, पॅनल घेतं. आमच्याकडे साधारण 11, पावणेबारा आणि साडेबारा असे लागोपाठ तीन जण लावलेले असतात, पॅनलमधे प्लँटवरून आलेले एक साहेब असतात ज्यांना दीड वाजता परत निघायचं असतं. तुम्ही मला साडेनऊला सांगितलंत तर मी पावणेबारावालीला फोन करून विचारते, जरा लवकर येता का, आणि बहुतेक वेळा ती आधीच खाली चहाच्या टपरीवर येऊन बसलेली असते. तेच तुम्ही 10:55 ला सांगितलंत तर साहेब केबिनमधे बसलेत, फाईल उघडलीय, आणि मी जाऊन सांगायचं की सर कँडिडेट अजून गाडीत आहे. मग तो उशीर तुमचा राहत नाही, माझा होतो.

एक खरा प्रसंग सांगते. मुलगा बडोद्याचाच, परचेसच्या पोस्टसाठी, 11 ची वेळ, ऑफिस एसजी हायवेला. आणंद सोडल्यावर नडियादच्या अलीकडे गाडी 9:20 ला थांबली ती थांबलीच. मला नंतर तो वेटिंगमधे बसल्या बसल्या सांगत होता की पहिल्यांदा त्याने टाईप केलं होतं "थोडा उशीर होईल, 11:20 पर्यंत येतो", आणि शेजारी बसलेल्या एका अपडाऊनवाल्या काकांनी त्याला हटकलं की बेटा, 11:20 ला तू मणिनगर तरी बघशील का. मग दोघांनी बसून हिशोब केला. गाडी अजून अर्धा तास नाही हलली असं धरायचं, म्हणजे दहा-सव्वादहाला नडियाद. तिथून अमदावाद 46 किलोमीटर, पण मधे वटव्याला नाहीतर मणिनगरच्या बाहेर सिग्नल मिळत नाही म्हणून तास धरायचा, म्हणजे कालूपूर सव्वाअकराच्या आसपास. प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडून मेट्रोत बसेपर्यंत पंधरा मिनिटं, थलतेजपर्यंत अर्धा तास, तिथून रिक्षा, मग गेटवर सिक्युरिटीकडे नाव लिहा, बॅग दाखवा, लिफ्ट. आला 12:15 चा आकडा. 11:20 आणि 12:15! लोक स्टेशनावर पोचायची वेळ सांगतात आणि मधला हा सगळा तुकडा विसरतात, रिसेप्शनची खुर्ची काही कालूपूरच्या प्लॅटफॉर्मवर नसते ना.

काकांनी अजून एक चांगला सल्ला दिला, नडियादला उतरून टॅक्सी करू नकोस. एक्सप्रेसवेला चढलं तरी तो तुम्हाला सीटीएमला आणून सोडतो, आणि तिथून अख्खं शहर ओलांडून एसजी हायवे गाठायचा म्हणजे ऑफिसच्या वेळेचा ट्रॅफिक. वाचले तर दहा मिनिटं, खिसा मात्र रिकामा. अर्थात गाडी पुढे जाणारच नाही असं अनाऊन्स झालं तर गोष्ट वेगळी. पण आधी रस्ता ठरवायचा, मग मेसेज, कारण आधी "ट्रेनने येतो 12:15" मग "टॅक्सी केली 11:50" मग "टॅक्सी अडकली 12:30" असं झालं की पॅनलला तीनदा सांगणारी मी पण वैतागते.

तर 9:35 ला मला हा मेसेज आला. मूळ इंग्रजीत होता, मी इथे मराठीत लिहितेय, तुम्ही हव्या त्या भाषेत पाठवा पण क्रम हाच ठेवा:

"नमस्कार मॅडम, मी (पूर्ण नाव), परचेस एक्झिक्युटिव्ह, आज 11 चा इंटरव्ह्यू. मला उशीर होतोय, 12:15 ला रिसेप्शनला पोचेन. माझी गाडी 9:20 पासून नडियादजवळ उभी आहे. 12:15 नंतर आज कुठलीही वेळ चालेल, आज शक्य नसेल तर उद्या सकाळी येऊ शकतो. गाडीत नेटवर्क तुटतंय, फोन लागला नाही तर मेसेज टाका. सॉरी, तुमचं शेड्यूल बिघडतंय."

एवढंच. मी पावणेबारावालीला 11 ला घेतलं, साडेबारावाल्याला पावणेबाराला, आणि ह्याला साडेबाराला टाकला. दोन फोन, पाच मिनिटांचं काम. गाडी त्याने धरलेल्या वेळेच्या आधीच हलली आणि हा बारा वाजायच्या पाच मिनिटं आधी हजर, शर्ट नीट करून पाणी पिऊन शांत बसलेला. त्याने 11:20 लिहिलं असतं तर मी त्याला पावणेबाराला टाकला असता आणि तोही चुकला असता. एकदा उशीर सगळे समजून घेतात, पण नवीन दिलेली वेळ पण चुकली की पॅनलचा चेहरा बदलतो, म्हणून जी वेळ मनात येईल तिच्यात वीस मिनिटं घालूनच लिहा. लवकर पोचल्याबद्दल कोणी ओरडत नाही.

आता त्या मेसेजमधे नाव नि पोस्ट पहिल्या ओळीत का, ते सांगते. तुमचा नंबर माझ्याकडे सेव्ह नसतो. एका आठवड्यात तीस-चाळीस जणांशी बोलणं होतं, व्हॉट्सॲपवर नाव दिसतं "जय श्री कृष्ण" किंवा "ओन्ली पप्पांची परी", डीपीला सूर्यास्त. आणि मी त्यावेळी दुसऱ्या कॉलवर असते, स्क्रीनवर वरती नुसती पट्टी येते, त्यात पहिल्या एक-दीड ओळी दिसतात. तिथे "गुड मॉर्निंग मॅडम, आशा करतो तुम्ही मजेत असाल" असलं काही असेल तर मी नंतर बघू म्हणून सरकवते, आणि तुमची गाडी नडियादला उभी ती उभीच. मजेत कसली असणार मी सोमवारी सकाळी.

दुसरं म्हणजे हा मेसेज मी बऱ्याचदा जसाच्या तसा पॅनलच्या ग्रुपवर ढकलते. म्हणून त्यात "प्लीज प्लीज मॅडम समजून घ्या, घरची परिस्थिती, मला ह्या जॉबची खूप गरज आहे" लिहिलंत तर तेही साहेब वाचणार, आणि साहेबांनी तुमच्याबद्दल वाचलेली पहिली गोष्ट ती असेल. साहेबांनी वाचलं तर चालेल एवढंच लिहायचं.

कारण एका वाक्यात, आणि समोरच्याला कळेल असं. हे बडोदेकर फार चुकतात. पावसात अलकापुरीचं गरनाळं भरलं म्हटलं की आपल्याकडे पुढे काही सांगावं लागत नाही, पण रिक्रूटर पुण्यात नाहीतर गुडगावला बसलेली असेल तर तिला गरनाळं म्हणजे काय नि अलकापुरी कुठे काय माहीत, तिला "रस्त्यावर पाणी साचलंय, वळसा घालून येतोय" एवढंच लिहा. गाडीचा स्क्रीनशॉट आपणहून पाठवू नका, कोणी विचारला तर द्या, न विचारता पुरावा दिला की उगीच शंका येते (माझं मत, दुसऱ्या एचआरचं वेगळं असेल).

फोन का मेसेज, तर दोन्ही, पण ह्या क्रमाने: आधी एक फोन, फार तर सात-आठ रिंग, उचलला तर हेच तीस सेकंदात सांगा, आणि उचलला नाही तरी मागोमाग मेसेज टाकाच, कारण फोनवर ऐकलेली 12:15 ची वेळ मी चिठ्ठीवर 12:50 लिहू शकते. पाच मिस्ड कॉल मात्र नको. गाडीत रेंज गेली की व्हॉट्सॲपवर मेसेजपाशी नुसतं घड्याळ राहतं, आणि एक टिक आली तरी तो फक्त तुमच्या फोनमधून निघालेला असतो, लोक मात्र समजतात पोचलं, तेव्हा दोन टिक येईपर्यंत बघा, नाही आल्या तर साधा एसएमएस करा, तो कमी रेंजमधे पण बऱ्याचदा निघून जातो. इंटरव्ह्यूचं मेल आलं असेल तर त्याच मेलला रिप्लाय करा, नवीन मेल नको, जुन्यात बाकीचे लोक सीसीत असतात त्यांनाही आपोआप कळतं. आणि बोलणं कन्सल्टन्सीवाल्याशी झालेलं असेल तर तो निरोप कंपनीत पोचवेलच असं धरू नका. अर्ध्या वेळा त्याचा फोनच बिझी असतो, म्हणून कंपनीतल्या कोणाचा नंबर किंवा मेल आदल्या दिवशीच मागून ठेवा.

केव्हा पाठवायचं? दहा मिनिटांहून जास्त उशीर होतोय हे दिसलं की लगेच. गाडी थांबली की पंधरा मिनिटं बघा, रेल्वेच्या एनटीईएसवर गाडीचं स्टेटस बघा, पण त्याच्या पोचायच्या वेळेवर डोळे मिटून विश्वास नको, उभी गाडी कधी हलेल हे त्यालाही सांगता येत नाही. तास-दीड तासाच्या वर जाणार असं वाटलं तर वेळेचा नाद सोडून सरळ लिहा की आज व्हिडिओवर घेता येईल का नाहीतर दुसरा दिवस द्या. धावत येऊन दुपारी तीनला घामाघूम पोचण्यापेक्षा ते सगळ्यांना बरं पडतं.

एक मात्र, सरकारी भरतीची परीक्षा किंवा जिथे गेट बंद व्हायची वेळ हॉल तिकिटावर छापलेली असते, तिथे हे काही चालत नाही, मेसेज कोणाला करणार, तिथे आदल्या रात्रीच अमदावादला मामाकडे मुक्काम.

आणि पोचल्यावर गेटवरून दुसरा छोटा मेसेज: "पोचलो, रिसेप्शनला आहे." केबिनमधे गेल्यावर "थांबलात त्याबद्दल थँक्यू सर" एवढं म्हणून खुर्चीत बसा. गाडीची गोष्ट साहेबांनी विचारली तरच सांगा, आणि ते विचारतातच, कारण निम्मं पॅनल त्याच लाईनवर अपडाऊन करतं.