क्लेझन कंडेन्सेशन: बेस पूर्ण एक मोल का?

प्रश्न: इथॉक्साइड शेवटी परत बाहेर पडतं ना, मग ते थोडंसं का पुरत नाही? बेळगावला बीएस्सीला आहे, परीक्षेत काय लिहू?

बाहेर पडलेलं इथॉक्साइड लगेच तयार झालेल्या बीटा-कीटोएस्टरचा प्रोटॉन काढण्यात खर्च होतं, म्हणून दोन मोल इथाइल ॲसिटेटला एक मोल सोडियम इथॉक्साइड लागतं. आधीच्या सगळ्या पायऱ्या उलटसुलट जाणाऱ्या आहेत आणि तोल एस्टरकडेच झुकलेला असतो. इथाइल ॲसिटोॲसिटेटचा पीकेए साधारण 11, इथेनॉलचा 16. त्यामुळे ही शेवटची पायरीच अभिक्रिया पुढे ओढते. मग सौम्य आम्ल घातलं की कीटोएस्टर मोकळं होतं. आमच्याकडची मुलं नेमकी हीच आम्लाची ओळ विसरतात.

पुरावा म्हणून इथाइल आयसोब्युटिरेट लिहा. त्याला एकच अल्फा हायड्रोजन. उत्पादनात दोन कार्बोनिलांच्या मध्ये काढायला प्रोटॉनच उरत नाही, म्हणून इथॉक्साइडने काम होत नाही. मात्र ट्रायफिनाइलमिथाइल सोडियमसारख्या जास्त तीव्र बेसने तेही घडतं, तेव्हा ‘अशक्य’ असं लिहू नका. आणि इथॉक्साइडऐवजी कॉस्टिक सोडा दाखवलात तर एस्टरचं सरळ साबणीकरण होईल.