कार्ड ‘तयार’ यादीत सरकवले की पोस्ट शेड्यूल करणे

प्रश्न: ट्रेलोवर कार्ड ‘तयार’ यादीत नेले की वर्डप्रेसवरची पोस्ट आपोआप शेड्यूल व्हायला हवी आहे. करून पाहिले, पण एकदा तीच पोस्ट दोनदा तयार झाली आणि एकदा पोस्ट भलत्याच वेळी प्रसिद्ध झाली. काय चुकले असेल?

उत्तर: पहिली अडचण बहुधा अशी असावी की, कार्ड सरकवल्यावर तुमची जोडणी नवीन पोस्ट निर्माण करते. दुरुस्तीसाठी कार्ड मागे नेऊन पुन्हा ‘तयार’मध्ये आणले की तीच घटना दुसऱ्यांदा घडते आणि दुसरी पोस्ट जन्माला येते. म्हणून आम्ही मसुदा आधीच वर्डप्रेसमध्ये जतन करतो, त्याचा क्रमांक कार्डाच्या वर्णनात लिहितो आणि कार्ड सरकल्यावर केवळ त्या क्रमांकाच्या पोस्टची स्थिती बदलतो. हाच बदल दहा वेळा पाठवला, तरी पोस्ट एकच राहते.

वेळेची चूक अधिक फसवी आहे. समजा, तिळगुळाच्या पाककृतीची पोस्ट 14 जानेवारी 2026 रोजी सकाळी 7 वाजता प्रसिद्ध व्हायची आहे आणि कार्डाला तीच मुदत दिली आहे. ट्रेलो ती मुदत यूटीसीमध्ये, म्हणजे साडेपाच तास मागे, 01:30 अशी पाठवते आणि शेवटी Z हे अक्षर जोडते. मधल्या टप्प्यात ते Z गळाले आणि उरलेली वेळ `date` या रकान्यात गेली, तर वर्डप्रेस ती संकेतस्थळाची स्थानिक वेळ समजते व पोस्ट मध्यरात्रीनंतर दीड वाजता बाहेर पडते. कार्ड त्या दिवशी पहाटे सहाला सरकवले असेल, तर दीडची वेळ उलटून गेलेली असल्याने पोस्ट तत्क्षणी प्रसिद्ध होते. ‘शेड्यूल न होता लगेच गेली’ हे लक्षण दिसले की मी सर्वप्रथम हीच जागा तपासतो. त्यामुळे वेळ `date_gmt` मध्येच पाठवावी. पोस्टचा क्रमांक 412 असेल, तर विनंती अशी होईल:

```
POST /wp-json/wp/v2/posts/412
{"status":"future",
 "date_gmt":"2026-01-14T01:30:00"}
```

उत्तरात `status` पुढे `future` आले आणि `date` मध्ये सकाळचे 7 दिसले, तरच काम झाले असे समजावे. मुदत नसलेले कार्ड ‘तयार’मध्ये आले, तर विनंती न पाठवता कार्डावर तशी टिप्पणी पडेल, अशी अट मात्र जरूर घालावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्ड ‘तयार’मधून मागे ओढल्याने शेड्यूल रद्द होत नाही, चूक सापडली म्हणून संपादकाने कार्ड मागे नेले, तरी पोस्ट ठरल्या वेळी जातेच. त्यासाठी कार्ड त्या यादीतून बाहेर पडताच त्याच क्रमांकाच्या पोस्टला `draft` स्थिती देणारा दुसरा नियम पहिल्याबरोबरच लिहावा.