तीन भोकांच्या सिंकवर पुल-डाऊन नळ: उंची किती घ्यावी, भोकांचं काय करावं

प्रश्न: स्टीलचं सिंक आहे, खोली २० सेंमी, मागच्या कडेला तीन भोकं. सध्या गरम-गार असे दोन वेगळे नळ आणि मध्ये तोटी आहे. आता एकाच दांड्याचा, फवारा ओढता येणारा पुल-डाऊन नळ घ्यायचाय. वर भांड्यांचं कपाट आहे, सिंकच्या कडेपासून ४२ सेंमीवर. किती उंच नळ बसेल? आणि उरलेल्या दोन भोकांचं काय करू?

उत्तर:

एकूण उंची ३६ ते ३८ सेंमी, पाणी बाहेर पडतं ती जागा कडेपासून १८ ते २० सेंमीवर आणि तिन्ही भोकं झाकणारी बेस प्लेट, असा नळ तुमच्याकडे बसेल. पण पैसे देण्याआधी सिंकखालचं कपाट उघडून बघा. पुल-डाऊन नळ फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आधी उंचीचं बघू. खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेली असते ती कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची. वरच्या कपाटाला नळ लागेल की नाही, एवढंच त्यावरून कळतं. ४२ सेंमीच्या जागेत ४० सेंमीचा नळ मावेल, पण कमानीवरून फडकं फिरवायला बोटं जाणार नाहीत, म्हणून चार-पाच सेंमी सोडा. रोजच्या वापरात महत्त्वाचा आकडा दुसराच, कडेपासून फवाऱ्याच्या तोंडापर्यंतचा. तो आतल्या कागदावरच्या आकृतीत सापडतो, आणि माथ्याची उंची सारखी असलेल्या दोन नळांत तो पाच-सहा सेंमीने वेगळा असू शकतो.

तुमचं सर्वांत उंच पातेलं समजा २६ सेंमीचं आहे. सिंकच्या तळाशी ठेवलं की ते कडेच्या वर ६ सेंमी येईल. तोंड २० सेंमीवर असेल तर मध्ये १४ सेंमी मोकळे राहतात. पातेलं आत-बाहेर करायला आणि थोडं तिरकं करायला तेवढे पुरतात. पुल-डाऊन असल्यामुळे मोठं भांडं शेजारी ओट्यावर ठेवूनही भरता येतं, त्यामुळे भांडी मोठी आहेत म्हणून उंच नळ हवा, हे म्हणणं मला फारसं पटत नाही. तोंड जितकं वर तितकं पाणी जोरात आदळणार. २० सेंमी खोल सिंकमध्ये तोंड २८ सेंमीवर नेलंत तर पाणी जवळजवळ अर्धा मीटर पडेल आणि वाटी धुताना पोटावर शिंतोडे येतील. आत्ताच टेप भोकाशी उभी धरा, २० सेंमीवर बोट ठेवा आणि खाली पातेलं सरकवून बघा. दुकानात नुसता नळ बघून हा अंदाज येत नाही.

आता सिंकखाली. फवाऱ्याची नळी कमानीतून येऊन ओट्याखाली उतरते, इंग्रजी यू अक्षरासारखी वळते आणि पुन्हा वर जाऊन नळाच्या अंगाला जोडलेली असते. नळीवर एक वजन अडकवलेलं असतं आणि फवारा परत जागेवर खेचतं ते हेच वजन. तुम्ही फवारा ५० सेंमी ओढलात की वळणाचा तळ २५ सेंमी वर येतो, सोडलात की तेवढाच खाली जातो. कमानीकडच्या बाजूला अडकवलेलं वजन त्याहून जास्त अंतर फिरतं. म्हणजे सिंकच्या मागे, भिंतीलगत, वर-खाली एक उभी मोकळी वाट हवी. तिथे सांडपाण्याचा वळणाचा पाइप, पाणी शुद्ध करायचं यंत्र किंवा ओढायचा कप्पा असेल तर वजन अडकणार. वजन नेमकं कुठे लावायचं याची खूण बऱ्याच नळ्यांवर असते. ते फार खाली लावलं तर कपाटाच्या तळावर टेकतं आणि फवारा अर्धवट लोंबकळतो. फार वर लावलं तर ते ओट्याखाली अडकतं आणि नळी पूर्ण बाहेर येत नाही.

नंतर कधी फवारा परत जाईनासा झाला तर आधी कपाट रिकामं करून ओढून सोडा. परत गेला तर दोष बाटल्या-डब्यांचा. तरीही अडला तर वजन घसरलंय किंवा नळी पाणी बंद करायच्या कॉकच्या टोकाला घासतेय. वरपर्यंत जाऊन मग सुटत असेल तर पकडणारं चुंबक किंवा खाच ढिली आहे आणि वजनाशी त्याचा संबंध नाही.

पाण्याचा दाबही बघा. टाकीतून आपसूक येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. टाकीतली पातळी नळापेक्षा ३ मीटरच वर असेल तर ०.३ बार. त्यातला काही बारीक नळी, फवाऱ्याची छिद्रं आणि उलटं पाणी रोखणारी झडप यांत खर्च होतो. नळाला किमान किती दाब लागतो हे कागदावर दिलेलं असतं. पंप असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सध्याचा नळ पूर्ण उघडून एक लिटरचं भांडं भरा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर फवारा मरतुकडा निघेल. मग मी साधा फिरणाऱ्या मानेचा नळ घेईन.

भोकांचं काम सोपं आहे. कडेच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ते ८ इंच, म्हणजे २० सेंमीच्या आसपास असेल तर साधारण २५ सेंमी लांबीची नेहमीची बेस प्लेट तिन्ही झाकते. मात्र ती नळाबरोबर येते का ते विचारा, काही नळांना ती वेगळी घ्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे एका भोकात साबणाची बाटली आणि दुसऱ्यावर झाकण. दिसायला तो मला जास्त आवडतो, पण तुमच्या सिंकला प्लेटच सुचवेन. स्टीलचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यात तीन भोकं आणि त्यावर रोज ओढला जाणारा उंच नळ. तो डुलतो, आणि डुलला की खालचा नट सैल होत जातो. वरून प्लेट आणि खालून नळाबरोबर येणारी प्लॅस्टिकची आधारपट्टी असली की पत्रा लवचत नाही. ती पट्टी बऱ्याचदा खोक्यातच राहते, प्लंबरकडून बसवूनच घ्या. प्लेटखाली रबर किंवा सिलिकॉन नीट नसेल तर पाणी मोकळ्या भोकांतून थेट कपाटात उतरतं.

मधल्या भोकाचा व्यासही मोजा. आताच्या बहुतेक नळांना ३५ मिमी लागतो. तुमच्याकडे मध्ये नुसती तोटी असल्याने ते भोक लहान असू शकतं. स्टील असेल तर होल सॉ किंवा पंचने वाढवता येतं, फक्त कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर धारदार पत्रा नळी कापतो.

आणि मधल्या भोकापासून भिंत किती लांब आहे? काही नळांचा दांडा मागे झुकतो. पाच-सहा सेंमीच जागा असेल तर तो भिंतीला टेकेल आणि तुम्हाला एका बाजूचं पाणी पूर्ण मिळणार नाही. बाजूला बसवलेला, पुढे ओढायचा दांडा असलेलं मॉडेल बघा.

हे अंतर आणि सिंकखालचा एक फोटो टाकलात तर वजनाला वाट आहे का ते सांगता येईल.