शब्दचर्चा: ओळंबा

‘नळ, वायरिंग, सुतारकाम अशी घरदुरुस्तीची सेवा ॲपवर सुरू करतोय. पहिल्या बुकिंगआधीच भरवसा वाटावा असं मराठी नाव हवंय. “विश्वास दुरूस्ती” कसं वाटतं?’

आधी तो ‘रू’ दुरुस्त करा. पुढे जोडाक्षर आहे, म्हणून रु ऱ्हस्व. निम्म्या पाट्यांवर ‘दुरूस्ती’च दिसते. दुरुस्ती करणाऱ्याच्याच पाटीत चूक असली, तर गिऱ्हाईक भिंत कशाच्या भरवशावर सोपवणार?

‘विश्वास’ सोडून द्या. जो तो तेच म्हणतो. ‘डागडुजी’ गोड आहे, पण कामाचंच नाव ते! व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे नुसतं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही.

माझं मत ‘ओळंबा’. दोरीला टांगलेलं वजन, आणि वजनाच्याच जाडीचा गट्टू. मिस्त्री गट्टू वरच्या बाजूला भिंतीला टेकवतो, वजन खाली सोडतो आणि हेलकावे थांबेपर्यंत गप्प उभा राहतो. वजन भिंतीला जेमतेम शिवलं, तर भिंत ओळंब्यात. फट राहिली, तर भिंतीचा माथा पुढे झुकलाय. वजन टेकून दोरी तिरकी झाली, तर भिंत खाली पुढे आलीय. बोलण्यात कुणी फसवू शकेल, ओळंब्यापुढे नाही.

आणि शब्द कुठला? संस्कृत ‘अवलंब’, म्हणजे टांगणं, आधार. लवणाचं लोण झालं तसा ‘अव’चा ‘ओ’, फळ-कमळातल्यासारखा ‘ल’चा ‘ळ’. म्हणजे ‘अवलंबून राहणं’ आणि ओळंबा ही सख्खी भावंडं! ज्यावर अवलंबून राहता येतं तो ओळंबा. तुम्हाला हवा तो भरवसा शब्दाच्या पोटातच आहे, वर लिहायला नको.

काहीजण हा शब्द ‘ओळ’वरून आला असं ठासून सांगतात. ते मला अजिबात पटत नाही. ओळ आली ‘आवलि’वरून, आणि विटांची ओळ धरायला मिस्त्री लाइनदोरी ताणतो, आडवी पातळी पाणसळीने बघतो. ओळंबा बघतो तो उभा सरळपणा. शिवाय ‘ओळ’ला ‘ंबा’ चिकटला कुठून, याचं उत्तर त्यांच्यापैकी कुणी देत नाही. कोश उघडण्याआधी एखाद्या बांधकामावर तासभर उभं राहावं त्यांनी.

अडचण एकच, रोमन लिपीत olamba वाचून लोक ‘ओलांबा’ म्हणतील. म्हणून बोधचिन्हात देवनागरी ठेवा, आणि ‘ळ’ मोठा दिसू द्या. दुरुस्तीसेवा व्यापारचिन्हांच्या वर्ग ३७ मध्ये येतात. तिथे हे किंवा उच्चाराने जवळचं नाव आधीच कुणी घेतलंय का, ते पाटी रंगवण्याआधी तपासा.