बाहुली दोन्हींनी मोठी होते, मग औषध ओळखायचं कसं?

प्रश्न: अ‍ॅट्रोपिन की फिनाइलेफ्रिन? दोन्हींनी बाहुली मोठी होते, लघवी अडते. मग ओळखू कसं?

नाडी बघा: अ‍ॅट्रोपिननं ती वाढते, शिरेतून दिलेल्या फिनाइलेफ्रिननं मंदावते. इंदुरात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हेच आधी विचारायला लावते. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढतो आणि व्हेगस हृदयाला आवरतो. अ‍ॅट्रोपिन हृदयावरचा व्हेगसचा लगामच सोडवतं. म्हणून ते आधी दिलेलं असेल तर फिनाइलेफ्रिननं रक्तदाब चढेल, नाडी मात्र उतरणार नाही. परीक्षक हमखास इथेच पकडतात! लघवी अ‍ॅट्रोपिन मूत्राशय सैल करून अडवतं, फिनाइलेफ्रिन त्याचं तोंड आवळून. प्रश्न डोळ्यातल्या थेंबांचा असेल तर नाडी सोडा. टॉर्च मारल्यावर बाहुली आकसली तर फिनाइलेफ्रिन. एक अपवाद: ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी अ‍ॅट्रोपिननं नाडी उलट थोडी मंदावू शकते.