डॉक्टरांनी मुलीला १००० कॅलरी आणि ४:१ किटो रेशो सांगितलाय. फॅट, प्रोटीन, कार्ब किती ग्रॅम होतात आणि तीन जेवणांत कसे वाटायचे?

४:१ म्हणजे ऐंशी टक्के कॅलरी फॅटमधून, असं घरातलं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. हा रेशो वजनाचा आहे: ४ ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब दोन्ही मिळून १ ग्रॅम.

आम्ही ठाण्यात वसंत विहारला राहतो. लेकाला दोन औषधं देऊनही फिट्स थांबेनात, म्हणून हा आहार सुरू झाला. वजन वाढून १४ किलो झालं तेव्हा डाएटिशियननं फोनवर ९०० च्या १००० कॅलरी केल्या, रेशो तोच ठेवला. नवा तक्ता चार दिवसांनी मिळणार होता. माझे मोठे दीर जिमसाठी स्वतः किटो करतात. ते म्हणाले, "त्यात काय, मी काढतो." त्यांनी १००० चे ऐंशी टक्के, म्हणजे ८०० कॅलरी, नऊनं भागून ८९ ग्रॅम फॅट काढलं. उरलेल्या २०० कॅलरींना चारनं भागून ५० ग्रॅम. त्यातलं १४ प्रोटीन, ३६ कार्ब. लेकाला कितीतरी दिवसांनी पोळीचा तुकडा मिळाला, तो खूश.

९०० ला फॅट ९० ग्रॅम होतं. कॅलरी वाढल्या आणि तूप कमी झालं, इथेच मला कळायला हवं होतं. ८९ ला ५० म्हणजे दोनास एकसुद्धा नाही. लघवीतले कीटोन, म्हणजे शरीर फॅट जाळतंय याची खूण, दाखवणारी पट्टी रोज गडद जांभळी व्हायची, ती दुसऱ्या दिवशी फिकट गुलाबी झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे फिट आली.

बरोबर हिशोब असा. ४ ग्रॅम फॅटच्या ३६ कॅलरी, १ ग्रॅम प्रोटीन-कार्बच्या ४, मिळून एका युनिटच्या ४०. १००० भागिले ४० म्हणजे २५ युनिट. फॅट १०० ग्रॅम, प्रोटीन-कार्ब मिळून २५. आधी प्रोटीन ठरतं, ते वजनावरून. आमच्याकडे किलोला १ ग्रॅम, म्हणून १४. कार्बला उरतात ११. कॅलरीत पाहिलं तर फॅट नव्वद टक्के होतं, ऐंशी नाही. रेशो ३:१ असेल तर युनिट ३१ कॅलरींचं.

वाटणीचं एवढंच सांगते की प्रत्येक जेवण स्वतंत्रपणे ४:१ बसलं पाहिजे. सकाळी कार्ब, रात्री तूप असं करून बेरीज जुळवू नका. औषधाच्या गोड सिरपमधली साखरही त्या ११ ग्रॅममध्येच धरायची.

आणि हो, तुमच्या मुलीचं प्रोटीन डाएटिशियनलाच विचारा, माझे १४ उचलू नका. आहार सुरू करण्याआधीच्या रक्ततपासण्याही टाळू नका, काही मुलांच्या शरीराला फॅट जाळताच येत नाही, त्यांना हा आहार घातक ठरतो. भाऊजी अजून म्हणतात की फरक दहा टक्क्यांचाच होता. दहा टक्के कॅलरींचे. कार्ब ११ चे ३६ झाले होते.