डीपी गेला, म्हणजे ब्लॉक केलं का?

गेले काही महिने येणाऱ्या पत्रांत एक पत्र ठरलेलं असतं. काल अमुकचा डीपी दिसत होता, आज तिथे नुसतं राखाडी वर्तुळ आहे, तर मला ब्लॉक केलंय का? एकेकाला तेच तेच लिहून कंटाळा आला, म्हणून यावेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. सगळी उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपपुरती आहेत.

प्रश्न: एकाचाच नाही, सगळ्यांचेच डीपी दिसेनासे झालेत. असं कसं होईल?

घोळ तुमच्या फोनमध्ये आहे. नेट तपासा, अ‍ॅप अपडेट करा, फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही आले नाहीत तर अ‍ॅपच्या मदत विभागाला कळवा. बॅकअप घेतल्याशिवाय अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका, नाहीतर डीपी परत येतील आणि चॅट जातील.

प्रश्न: मावशीशी माझं काही भांडण नाही. तरी चार दिवसांपासून तिचा डीपी दिसत नाही, स्टेटसही दिसत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र दोन्ही दिसतं. मला एकटीलाच वगळलं असेल का?

मावशींनी इतक्यात फोन बदललाय का, हे आधी विचारा. तुमच्या पत्रातल्या खुणा बघता मला तीच शंका जास्त वाटते.

डीपी कोणाला दिसावा, हे ज्याचा डीपी तो ठरवतो. सेटिंगमधल्या Privacy मध्ये त्यासाठी चार पर्याय असतात: Everyone, My contacts, My contacts except… आणि Nobody. बरेच जण दुसरा पर्याय ठेवतात आणि तिथेच गैरसमज होतो. My contacts म्हणजे मावशींच्या फोनमध्ये सेव्ह असलेले नंबर. तुमच्याकडे त्यांचा नंबर कितीही वर्षं सेव्ह असू दे, त्याने काही होत नाही. त्यांच्याकडे तुमचा नंबर हवा.

आता फोन बदलताना काय होतं ते बघा. जुन्या फोनमधले काही नंबर गूगल अकाउंटवर सेव्ह झालेले असतात, काही नुसते फोनच्या मेमरीत. नवा फोन सुरू करून अकाउंट टाकलं की पहिल्या गटातले आपोआप उतरतात, दुसऱ्या गटातले जुन्या फोनमध्येच राहतात. तुमच्या बहिणीचा नंबर पहिल्या गटात असेल आणि तुमचा दुसऱ्या, तर तिला डीपी दिसणार, तुम्हाला नाही. मावशींना याचा पत्ताही लागत नाही, कारण चॅटचा बॅकअप वेगळा असतो आणि तो नीट उतरलेला असतो. तुमचे जुने मेसेज त्यांच्याकडे जसेच्या तसे आहेत. फरक एवढाच, की वर तुमच्या नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. स्टेटसचंही हेच. दोघांकडेही एकमेकांचे नंबर सेव्ह असतील तरच ते दिसतं, म्हणून दोन्ही एकाच दिवशी गेलं.

एक साधा मेसेज टाकून बघा. त्यावर दोन टिक आल्या, तर तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही, हे नक्की. ब्लॉक केलेल्याचा मेसेज पोचतच नाही. मात्र मेसेज आत्ता टाकलेला हवा. डीपी जाण्याआधीच्या मेसेजवरच्या दोन टिक दाखवून ‘बघा, ब्लॉक नाही’ म्हणणारेही भेटतात.

दोन टिक येऊनही डीपी नसेल, तर नंबर हरवला असेल किंवा तुमचं नाव My contacts except… मध्ये गेलं असेल. शुभेच्छा ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवत असाल तर आणखी एक खूण मिळते. ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. साधा मेसेज पोचतोय आणि ब्रॉडकास्ट पोचत नाही, म्हणजे नंबर गेलाय.

पण या तपासापेक्षा मावशींना फोन करा आणि ‘माझं नाव येतंय का तुझ्याकडे?’ एवढंच विचारा. नाही म्हणाल्या तर नंबर सेव्ह करायला सांगा. तुम्ही किंवा त्या परदेशात असाल तर अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड लावून. कोड नसला की नंबर सेव्ह असूनही अ‍ॅपला जुळत नाही.

प्रश्न: मित्राचं नाव दिसतंय, जुने मेसेजही आहेत, फक्त फोटो नाही. म्हणजे त्याचं अकाउंट चालू आहे ना?

तसं म्हणता येणार नाही. नाव तुम्हीच सेव्ह केलेलं आहे आणि मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत. त्याने अकाउंट डिलीट केलं तरी दोन्ही तिथेच राहतील. तुम्ही दोघं एखाद्या ग्रुपमध्ये असाल तर तिथली नावं बघा. अकाउंट डिलीट झालं की माणूस सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो, ब्लॉक केल्याने पडत नाही. १२० दिवस कोणी व्हॉट्सअ‍ॅप वापरलंच नाही, तर अकाउंट सहसा आपोआपही डिलीट होतं. काळजी वाटत असेल तर साधा फोन लावा. तब्येत डीपीवरून कळत नाही.

प्रश्न: एकीला मेसेज केला की एकच टिक येते, तिचा डीपी नाही, लास्ट सीन नाही, कॉल केला तर नुसतं ‘Calling’ येतं. एका ओळखीच्या मैत्रिणीला तिचा डीपी दिसतोय. आता तरी ब्लॉक केलं म्हणायचं ना?

शक्यता वाढली, पण खात्री अजून नाही. तुमच्या खुणा एकेक करून बघू.

एक टिक म्हणजे मेसेज अजून तिच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, अ‍ॅप काढून टाकलं असेल, तरी हेच दिसतं. Calling चं Ringing होत नाही, त्याचीही कारणं तीच. लास्ट सीन तुम्ही स्वतः लपवलेलं असेल तर तुम्हाला कोणाचंच दिसत नाही, म्हणून आधी स्वतःचं सेटिंग बघा. मैत्रिणीला डीपी दिसतो, एवढ्यावरून डीपी काढलेला नाही आणि Nobody वर ठेवलेला नाही इतकंच ठरतं. तुमचा नंबर तिच्याकडे सेव्ह नसणं किंवा except च्या यादीत असणं, या शक्यता त्याने जात नाहीत.

आठवडाभर एक टिक तशीच आहे आणि त्याच काळात ती मैत्रिणीच्या मेसेजना उत्तरं देतेय, असं असेल तर मात्र ब्लॉक असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही अ‍ॅप तुम्हाला ते स्पष्ट सांगणार नाही. हा अ‍ॅपमधला दोष नव्हे. ब्लॉक करणाऱ्याची गोपनीयता राहावी म्हणून हे मुद्दाम मोघम ठेवलंय, असं कंपनीच्या मदत पानावरच लिहिलेलं आहे. काही जण म्हणतात, नवा ग्रुप करून तिला त्यात घालून बघा. तिने ग्रुपचं प्रायव्हसी सेटिंग बदललं असेल तर ती तसंही घातली जाणार नाही, त्यामुळे त्यातूनही काही सिद्ध होत नाही. दुसऱ्याच्या नंबरवरून मेसेज करून खात्री करू नका. समोरच्याने संपर्क तोडला असेल तर तो त्रास देणं ठरतं. बोलणं गरजेचंच असेल तर दोघींच्या ओळखीच्या माणसामार्फत एकदाच निरोप पाठवा आणि थांबा.

प्रश्न: कोणी ब्लॉक केलं आणि कोणी डीपी लपवला ते दाखवणारं अ‍ॅप मित्राने पाठवलंय. ते कॉन्टॅक्ट आणि नोटिफिकेशनची परवानगी मागतं, शिवाय एक कोड टाकायला सांगतं. मित्र म्हणतो चालतं. टाकू का?

नका टाकू. टाकलं असेल तर पुढचं सगळं आजच करा.

आधी हे समजून घ्या, की डीपी लपवलेला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर तो तुमच्या नंबरला देतच नाही. तुमच्या खऱ्या अ‍ॅपलाच जी माहिती मिळत नाही, ती बाहेरच्या अ‍ॅपने आणायची कुठून? ते तुम्हाला यादी दाखवतं ती मनाने बनवलेली, बहुतेक तुमच्याच कॉन्टॅक्टमधली चार नावं उचलून. मित्राला त्यातलं एखादं नाव पटलं, म्हणून त्याच्या मते ते ‘चालतं’.

बदल्यात ते काय घेतं बघा. कॉन्टॅक्टची परवानगी म्हणजे तुमच्या ओळखीच्या प्रत्येकाचा नंबर. नोटिफिकेशनची परवानगी म्हणजे वर झळकणारा प्रत्येक मेसेज, बँकेच्या ओटीपीसकट. आणि कोड हा यातला सगळ्यात घातक भाग आहे. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड हा तुमच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करण्याचा असतो. तो त्या अ‍ॅपमध्ये टाकला की तुमचं अकाउंट दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतं. आठ अक्षरांचा कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला सांगितला असेल, तर तुम्ही त्यांचं उपकरण स्वतःच्या हाताने जोडून देता. यात तुमचं अ‍ॅप बंद पडत नाही, म्हणून कित्येकांना संशयही येत नाही, आणि पलीकडचा शांतपणे सगळं वाचत बसतो.

आधी व्हॉट्सअ‍ॅपमधलं Linked devices उघडा आणि अनोळखी असेल ते लॉग आउट करा. मग ते अ‍ॅप काढून टाका, आणि नोटिफिकेशनची परवानगी दुसऱ्या कोणत्या नको त्या अ‍ॅपला आहे का तेही बघा. अकाउंट गेलंच असेल तर खऱ्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा नंबर टाकून एसएमएसचा नवा कोड मागवा. तो टाकला की पलीकडचा बाहेर पडतो. त्याने आपला पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण त्या काळात तोही आत नसतो. अकाउंट हातात आलं की Two-step verification चा पिन लावा. मग बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची पत्रं मला पुढच्या महिन्यात येतात, तोवर त्यांच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागून झालेले असतात.

लपवलेला डीपी दाखवतो म्हणून मिळणाऱ्या जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या नकली आवृत्त्याही याच माळेतल्या. त्या वापरणाऱ्यांचं अकाउंट कंपनी बंद करते, कधी तात्पुरतं, कधी कायमचं.

प्रश्न: मामेभावाच्या नंबरावरचा डीपी गेला आणि दुसऱ्याच दिवशी नव्या नंबरवरून त्याच फोटोने मेसेज आला, ‘नंबर बदललाय, अडचण आहे, थोडे पैसे पाठव.’ फोटो त्याचाच आहे. पाठवू का?

नाही. फोटो कोणीही उचलून लावू शकतं. जुन्या नंबरावर साधा फोन लावा, नाही लागला तर घरच्यांना विचारा. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. पैसे आधीच गेले असतील तर बँकेला या क्षणी कळवा, हे वाचून संपवू नका.

प्रश्न: जुन्या सहकाऱ्याचा डीपी बरेच दिवस नव्हता. आज आला, पण फोटो भलत्याच माणसाचा आहे.

नंबर दुसऱ्या कोणाला मिळालाय. सेव्ह केलेलं नाव काढा आणि खाजगी काही पाठवू नका. सहकाऱ्याचा नवा नंबर त्याच्या ऑफिसातून घ्या.

प्रश्न: मी माझा डीपी लपवला तर मला इतरांचे दिसणं बंद होईल का?

नाही. तो नियम लास्ट सीन आणि निळ्या टिकांचा आहे.